ढगातून कोसळणारा वारा आणि उतरणारे विमान

नांदेड जिल्ह्यातील भोकर, मुदखेड, अर्धापूर या भागांत रोहिणी नक्षत्राच्या सुमारास दुपारनंतर येणारे वळवाचे वादळ सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवसभर ऊन तापलेले असते. दुपारी एखाद्या दिशेला ढग उभा चढत जातो, त्याचा माथा पसरतो आणि तळ काळवंडतो. पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच धुळीचे लोट उठतात व अंगाला एकदम गार वारा लागतो. शेतकरी या गार वाऱ्यावरून पाऊस जवळ आल्याचे ओळखतो. हा वारा येतो कोठून आणि तो गार का असतो, याचे उत्तर विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. जमिनीवर जो वारा घरावरील पत्रे उडवितो व केळीच्या बागा आडव्या करतो, तोच वारा धावपट्टीजवळ आलेल्या विमानाच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकतो.

गार वाऱ्याचा उगम

गडगडाटी ढग तयार होताना तापलेली दमट हवा वर चढते. ढगात पाण्याचे थेंब व गारा यांचा साठा वाढत जातो. वर चढणाऱ्या हवेला हा भार पेलेनासा झाला की तो खाली येऊ लागतो आणि जाताना आजूबाजूची हवाही आपल्याबरोबर खाली ओढतो. येथेच दुसरी क्रिया सुरू होते. उन्हाळ्यात मराठवाड्यात ढगाचा तळ बराच उंच असतो व त्याखालची हवा कोरडी असते. या कोरड्या हवेतून पडताना थेंबांची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा थंड होते. एक किलोग्रॅम हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली तर त्या हवेचे तापमान सुमारे अडीच अंश सेल्सिअसने उतरते. थंड हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती अधिक वेगाने खाली कोसळते. कधीकधी सर्व थेंब वाटेतच आटून जातात. ढगाखाली पावसाचे पडदे लोंबताना दिसतात, पण जमिनीवर एकही थेंब पडत नाही. असे असूनही गार हवेचा लोट मात्र जमिनीपर्यंत पोचलेला असतो.

घड्यातील पाणी फरशीवर ओतले की ते आपटून सर्व बाजूंना पसरते, तसाच हा हवेचा लोट जमिनीवर आपटतो व चोहोबाजूंना धावतो. ज्याचा विस्तार चार किलोमीटरपेक्षा कमी असतो, अशा लोटाला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्याचे आयुष्य साधारणपणे पाच ते पंधरा मिनिटांचे असते. आकार लहान व आयुष्य अल्प असल्यामुळेच तो फसवा ठरतो. विमानतळावरील वारामापकावर वारा मंद असू शकतो, आणि दोन किलोमीटरवर मात्र झाडे मोडून पडत असतात.

वादळ ओसरल्यावर पडलेल्या झाडांकडे पाहूनही त्याची खूण पटते. भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वादळात झाडे एकमेकांवर आडवीतिडवी, वळसा घेतल्यासारखी पडतात. मायक्रोबर्स्टमध्ये मात्र ती एका मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने पडतात. अर्थात मध्याच्या पूर्वेकडील झाडे पूर्वेस आणि पश्चिमेकडील झाडे पश्चिमेस पडलेली आढळतात. शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी विमानातून पाहिलेल्या मोडलेल्या झाडांच्या अशाच ताऱ्यासारख्या रचनेवरून अनुमान बांधले. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान वादळात उतरताना कोसळून ११३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या अपघाताचा अभ्यास करताना ढगातून कोसळणारा हा लोटच त्यास कारणीभूत असावा, असे मत फुजिता यांनी मांडले. प्रारंभी अनेक तज्ज्ञांना ते पटले नाही. पुढे १९७८ व १९८२ साली डॉप्लर रडारच्या साहाय्याने खास निरीक्षणे करण्यात आली, तेव्हा असे लोट प्रत्यक्ष मोजले गेले आणि शंकेला जागा उरली नाही.

विमानावर होणारा परिणाम

वाऱ्याचा वेग किंवा दिशा थोड्याच अंतरात एकदम बदलणे, याला विमानवाहतुकीत विंडशिअर म्हणतात. मायक्रोबर्स्ट हा त्याचा सर्वांत धोकादायक प्रकार होय. तो धोकादायक का, हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विमान जमिनीच्या संदर्भात किती वेगाने जाते यावर पंखांना मिळणारी उचल अवलंबून नसते. भोवतालच्या हवेच्या संदर्भात ते किती वेगाने जाते, यावर ती अवलंबून असते. आणि ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमीजास्त होते.

एक उदाहरण घेऊ. एखादे प्रवासी विमान ताशी २६० किलोमीटर वेगाने उतरण्याच्या मार्गावर आहे आणि हवा शांत आहे. वाटेत मायक्रोबर्स्ट आहे व त्यातून बाहेर पसरणाऱ्या वाऱ्याचा वेग प्रत्येक बाजूस ताशी ४५ किलोमीटर आहे. विमान जवळच्या बाजूने त्यात शिरते, तेव्हा वारा त्याच्या समोरून येतो. अनेक टन वजनाच्या विमानाचा जमिनीवरील वेग क्षणात बदलत नाही, पण हवेच्या संदर्भातील वेग मात्र २६० वरून सुमारे ३०५ पर्यंत जातो. उचल वाढते, विमान ठरलेल्या मार्गाच्या वर जाऊ लागते आणि वेगदर्शक काटा पुढे सरकतो.

सारा सापळा या क्षणी असतो. वेग वाढला व विमान वर चालले, तर ते मार्गावर आणण्यासाठी इंजिनांचा जोर कमी करून नाक किंचित खाली करणे, ही वैमानिकाची नेहमीची सवय असते. एरवी ती योग्यही असते. पण येथे मिळालेला वेग उसना असतो. काही सेकंदांतच विमान लोटाच्या मध्याशी येते. समोरचा वारा नाहीसा होतो व वरून खाली येणारी हवा विमानाला जमिनीकडे ढकलू लागते. त्यानंतर ते पलीकडच्या बाजूस पोचते. तेथे तोच वारा आता पाठीमागून येत असतो. हवेच्या संदर्भातील वेग ३०५ वरून सुमारे २१५ वर घसरतो. वेग २६० चा २१५ झाला म्हणजे वर्गाच्या नियमाने उचल जवळजवळ एकतृतीयांश घटते. हे सर्व अर्ध्या-पाऊण मिनिटात घडते. इंजिनांचा जोर आधीच कमी केलेला असतो, आणि जेट इंजिनाला मंद गतीवरून पूर्ण जोरावर येण्यास काही सेकंद लागतात. नेमक्या त्याच सेकंदांत विमान खाली जात असते.

धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर उतरणारे विमान जमिनीपासून अवघ्या दीडशे-एकशे साठ मीटर उंचीवर असते. दहा हजार मीटर उंचीवर हाच प्रसंग आला असता, तर वेग पुन्हा मिळविण्यासाठी खाली येण्यास भरपूर जागा मिळाली असती. जमिनीजवळ ती जागा नसते. म्हणूनच विंडशिअरचा धोका मुख्यतः विमान उतरताना व उडताना, जमिनीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीच्या आत संभवतो.

डॅलस येथील अपघात

या सापळ्याचे सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. २ ऑगस्ट १९८५ रोजी डेल्टा एअरलाइन्सचे १९१ क्रमांकाचे विमान सायंकाळी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरत होते. विमान लॉकहीड ट्रायस्टार जातीचे, तीन इंजिनांचे व मोठे होते. सहवैमानिक ते चालवीत होता आणि अनुभवी कप्तान शेजारी होता. धावपट्टीच्या अलीकडे, नेमक्या मार्गावर एक ढग वाढत होता. त्यातील वीज सहवैमानिकाला दिसली व त्याने तसे बोलूनही दाखविले. मात्र त्यांच्या पुढे असलेले एक लहान जेट विमान त्याच पावसातून जाऊन सुखरूप उतरले होते आणि त्याने धोक्याची काही सूचना दिली नव्हती.

जमिनीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर विमानाचा वेग आपोआप वाढू लागला व ताशी सुमारे ३२० किलोमीटरपर्यंत गेला. सहवैमानिकाने इंजिनांचा जोर कमी केला. पुढे काय होणार हे कप्तानाने ओळखले होते. वेगाकडे लक्ष ठेव, तो एकदम जाईल, असा इशारा त्याने दिला. तो देत असतानाच वेग घसरला, प्रथम सुमारे २४५ पर्यंत आणि नंतर सुमारे २२० पर्यंत. इंजिनांना पूर्ण जोर देण्यात आला. विमान क्षणभर सावरलेही, परंतु खाली येणाऱ्या हवेचे व आडव्या वाऱ्याचे नवे तडाखे बसले. अखेरीस माघार घेण्याची आज्ञा झाली, पण तोवर उंची संपली होती. धावपट्टीच्या सुमारे दोन किलोमीटर अलीकडे विमान शेतात टेकले, महामार्गावरील एका मोटारीवर आदळले आणि पुढे पाण्याच्या टाक्यांवर जाऊन फुटले. या अपघातात १३० हून अधिक माणसे दगावली.

चौकशीत तीन कारणे नोंदविण्यात आली. वीज दिसत असलेल्या ढगातून उतरण्याचा निर्णय घेण्यात आला व तो चालू ठेवण्यात आला. असे प्रसंग टाळण्याचे व त्यांतून निसटण्याचे निश्चित नियम आणि शिक्षण वैमानिकांना मिळालेले नव्हते. आणि त्या क्षणी त्या जागी काय घडते आहे हे सांगणारी माहिती विमानात पोचत नव्हती. कप्तानाला धोका कळला होता, ही या घटनेतील सर्वांत विचार करण्यासारखी बाब होय. अडीचशे मीटर उंचीवर धोका ओळखणे पुरेसे नव्हते. निर्णय त्याआधीच व्हावयास हवा होता. पुढच्या विमानाचे सुखरूप उतरणे हाही पुरावा ठरू शकत नव्हता, कारण पाच मिनिटांत जन्मणारा व मरणारा लोट दोन विमानांना एकाच अवस्थेत भेटेलच असे नाही.

वैमानिकांचे शिक्षण

या व यापूर्वीच्या अपघातांनंतर १९८७ साली अमेरिकेत विंडशिअरविषयी एक सविस्तर शिक्षणक्रम तयार करण्यात आला. आज जगभर वैमानिकांना जे शिकविले जाते त्याचा पाया तोच आहे. त्यातील पहिला नियम असा की, टाळणे हाच खरा उपाय होय. काही मायक्रोबर्स्ट इतके प्रबळ असतात की, कोणतेही विमान व कोणतेही कौशल्य त्यांतून जमिनीजवळ पार पडू शकत नाही. म्हणून मार्गावर गडगडाटी ढग असेल, ढगाखाली पावसाचे पडदे लोंबत असतील, जमिनीवर धूळ वर्तुळाकार बाहेर फेकली जात असेल किंवा आधीच्या विमानाने वेगात मोठा चढउतार झाल्याचे कळविले असेल, तर उतरणे लांबणीवर टाकावे, घिरट्या घालाव्यात किंवा अन्य विमानतळ गाठावा. उड्डाण करावयाचे असल्यास दहा-पंधरा मिनिटे थांबावे. लोटाचे आयुष्यच तेवढे असते.

दुसरा नियम ओळखण्याचा आहे. उतरण्याच्या मार्गावर असताना वेगात ताशी सुमारे २८ किलोमीटरपेक्षा अधिक अकारण फरक पडला, खाली येण्याचा दर मिनिटाला दीडशे मीटरपेक्षा अधिक बदलला, नाकाचा कोन पाच अंशांहून जास्त हलला, किंवा नेहमीच्या मानाने इंजिनांचा जोर बराच कमी वा अधिक ठेवावा लागू लागला, तर विंडशिअर समजून वागावे. अकारण वाढलेला वेग हा लाभ नसून इशारा आहे, ही गोष्ट येथे मनावर बिंबविली जाते. अशा वेळी इंजिनांचा जोर कमी न करता उतरणे सोडून देऊन वर निघून जावयाचे असते.

तिसरा नियम सापडल्यानंतरचा आहे. इंजिनांना ताबडतोब पूर्ण जोर द्यावयाचा, पंख समपातळीत आणावयाचे आणि नाक वर उचलावयाचे. अनेक विमानांसाठी हा कोन प्रथम पंधरा अंशांच्या आसपास असतो. वेग कमी होत असताना नाक वर उचलणे, हे वैमानिकाच्या सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध आहे. वेग गेला की नाक खाली करावे, असे त्याने पहिल्या दिवसापासून शिकलेले असते. येथे मात्र नाक खाली करण्यास जागाच नसते. म्हणून उरलेला वेग खर्चून उंची राखली जाते. याला मर्यादा आहे. नाक फार उचलले तर पंखांवरील हवेचा प्रवाह तुटून उचलच नाहीशी होते. ती सीमा जवळ आली की हाताखालची नियंत्रणदांडी थरथरू लागते. थरथर सुरू होईल तेथवर नाक न्यावयाचे, त्यापलीकडे न्यावयाचे नाही.

या काळात चाके व पंखांवरील फ्लॅप आहेत त्याच स्थितीत ठेवतात. एरवी वर जाताना चाके आत घेतात, कारण त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो. परंतु चाके आत घेताना त्यांची दारे उघडतात व तेवढ्या सेकंदांत अडथळा उलट वाढतो. फ्लॅप आत घेतले तर उचल कमी होते. दुसरा वैमानिक या वेळी उंची व खाली-वर जाण्याचा दर मोठ्याने सांगत राहतो, म्हणजे चालविणाऱ्याचे लक्ष विचलित होत नाही. धोका टळल्यावर लगेच नियंत्रण मनोऱ्यास कोणत्या जागी, किती उंचीवर, किती वेग वाढला व किती गेला, हे कळवितात. मागून येणाऱ्या विमानासाठी ही माहिती सर्वांत मोलाची असते. ही सारी कृती सराव-यंत्रात पुनःपुन्हा करून घेतली जाते, कारण प्रत्यक्षात विचार करण्यास अवधी मिळत नाही.

यंत्रांचे साहाय्य व त्यांच्या मर्यादा

आधुनिक विमानांत दोन प्रकारची सूचनायंत्रे असतात. एक प्रकार विमान विंडशिअरमध्ये शिरल्यावर वेग व उंची यांतील बदलांवरून इशारा देतो. तो उपयुक्त असला, तरी तोवर प्रसंग ओढवलेला असतो. दुसरा प्रकार विमानाच्या नाकातील रडारचा आहे. पुढील काही किलोमीटरमध्ये पावसाचे थेंब विमानाकडे येत आहेत की दूर जात आहेत, हे तो मोजतो. जवळच्या बाजूचे थेंब विमानाकडे येत असून पलीकडचे दूर जात असतील, तर मध्ये लोट कोसळत आहे असे अनुमान करून साधारणपणे दहा ते साठ सेकंद आधी सूचना मिळते. हा अवधी थोडा वाटला, तरी डॅलसच्या वैमानिकांना तो मिळाला असता तर चित्र वेगळे झाले असते. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीभोवती अनेक वारामापक बसवून त्यांची आपसांत तुलना करण्याची, तसेच जमिनीवरील डॉप्लर रडारची सोयही असते.

मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. हवेत थेंब फारच कमी असतील, तर रडारला परत येणारा संकेत क्षीण मिळतो. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत पाऊस वाटेत आटतो तेव्हा हीच अडचण उद्भवते. लहान विमानांपैकी काहींमध्ये पुढचे पाहणारे यंत्र नसते. अशा वेळी वैमानिकाचे डोळे, हवामान निरीक्षकाची नोंद, धावपट्टीच्या दोन टोकांना भिन्न दिशा दाखविणाऱ्या वाऱ्याच्या कापडी नळ्या आणि आधीच्या विमानाचा अहवाल, हीच साधने उरतात.

टाळण्याचा नियम आपल्या राज्यात कसा अमलात येतो, हे १३ मे २०२४ रोजी मुंबईत दिसून आले. त्या दिवशी दुपारी वळवाच्या ढगातून निघालेला वारा धुळीचे लोट घेऊन शहरावर आला. घाटकोपर येथे प्रचंड जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्याच वेळी मुंबई विमानतळावरील विमानांची ये-जा एक तासाहून अधिक काळ थांबविण्यात आली आणि पंधरा विमाने अन्य विमानतळांकडे वळविण्यात आली. त्या विमानांतील प्रवाशांना उशीर व गैरसोय सोसावी लागली. परंतु जो वारा जमिनीवर लोखंडी सांगाडा उलथवीत होता, त्यातून जमिनीलगत विमान नेण्याचा प्रसंग कोणावर आला नाही.

नांदेड व लातूर येथील धावपट्ट्या वळवाच्या ढगांच्या याच टापूत आहेत. वैशाख-ज्येष्ठातील एखाद्या दुपारी भोकरच्या बाजूस ढग काळवंडला असताना नांदेडला येणारे विमान आकाशात घिरट्या घालताना दिसले, किंवा ते दुसरीकडे वळविल्याचे समजले, तर त्यामागचे कारण बहुधा हेच असते. धावपट्टी समोर दिसत असूनही वैमानिक ढगाचे दहा-पंधरा मिनिटांचे आयुष्य संपण्याची वाट पाहत असतो. ते संपले की तोच मार्ग पुन्हा निर्धोक होतो.